अठ्ठेचाळीस हजारांची शाळा आणि वर्षाकाठी लाखावर खर्च

*ताई, आम्ही नाशिकला राहतो. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, धाकटा अडीच वर्षांचा आहे. दोन शाळा डोक्यात आहेत. एक घरापासून अकरा किलोमीटरवर, तिची वर्षाची फी ४८ हजार. दुसरी दोन किलोमीटरवर, ती ७८ हजार सांगते, ‘सगळं धरून’. यांचं म्हणणं, तीस हजारांचा फरक आहे, विचार कसला करायचा? पण लांबच्या शाळेचा तक्ता खालपर्यंत वाचला तर सत्र शुल्क, विकास शुल्क, उपक्रम शुल्क, बस असं बरंच निघतं. माझा मामेभाऊ म्हणतो, नऊ हजार विकास शुल्क बेकायदा आहे, १५ टक्क्यांच्या वर घेताच येत नाही. मला तर वाटतं, जी शाळा असे तुकडे पाडून पैसे मागते तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? जवळची निदान सरळ सांगते तरी. १० जानेवारीपर्यंत प्रवेश नक्की करायचाय. दोन्ही तक्त्यांचे फोटो सोबत पाठवते.*
*— नाशिकची एक आई*

तक्ते पाहिले. बरं झालं फोटो पाठवलेत, नाहीतर मीही तुमच्या यजमानांसारखी त्या दोन आकड्यांवरच बोलत बसले असते.

गंमत अशी की हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. ४८ हजार म्हणजे लांबच्या शाळेचं नुसतं शिक्षण शुल्क, महिन्याला चार हजार. ७८ हजारांत जवळच्या शाळेचं शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, उपक्रम आणि विकास असं चौघांचं कुटुंब आहे. पहिल्या शाळेचेही तेच चार आकडे एकत्र घ्या. शिक्षण ४८ हजार, सत्र शुल्क दोन वेळा चार-चार हजार, विकास नऊ हजार, उपक्रम सहा हजार. झाले ७१ हजार. तीस हजारांचा फरक इथेच सात हजारांवर आला, आणि अजून आपण गणवेशाला हातही लावलेला नाही.

त्यातल्या सत्र शुल्काकडे जरा बघा. टर्म फी हा शाळांमधला जुना प्रकार आहे. दर सत्राला एका महिन्याच्या फीइतकी रक्कम वेगळी घ्यायची. तुमच्या तक्त्यात नेमकं तेच आहे. म्हणजे फीच्या हिशेबात वर्ष बारा महिन्यांचं नसून चौदा महिन्यांचं धरायचं. मी बारा वर्षं एका शाळेच्या कार्यालयात फीच्या खिडकीमागे बसले. ‘महिन्याला चारच हजार ना?’ असं विचारून समाधानाने परत जाणारे पालक मी रोज पाहायचे. विचारलं तेवढंच उत्तर आम्ही द्यायचो. कुणी ‘वर्षभरात एकूण किती पैसे भरावे लागतात?’ असं विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं, पण तो प्रश्न फार कमी लोक विचारत.

आता एक वही घ्या आणि दोन्ही शाळांना एकेक पान द्या. पानावर शाळेचे मथळे उतरवू नका, कारण एकच खर्च एका शाळेत उपक्रम शुल्कात असतो, दुसरीत विकास शुल्कात, तिसरीत ‘इतर’मध्ये. तुमचे तीन कप्पे करा. एकदाच जाणारे पैसे, दरवर्षी जाणारे पैसे आणि परत मिळणारे पैसे. कुठलाही आकडा यांतल्या एका कप्प्यात बसतोच.

लांबच्या शाळेचं पान असं होतं. एकदाच जाणारे, प्रवेश शुल्क १५ हजार. परत मिळणारी अनामत १० हजार. दरवर्षीचे, ते मघाचे ७१ हजार, पुस्तकं-वह्या साडेपाच हजार, गणवेश सहा हजार आणि बस. बसला महिन्याला २,४०० असं लिहिलंय, पण त्याखाली बारीक अक्षरांत ‘अकरा महिने’ आहे. २६,४०० झाले. दरवर्षीची बेरीज १,०८,९००.

जवळच्या शाळेचं पान: प्रवेश शुल्क २५ हजार, अनामत पाच हजार. दरवर्षीचे ७८ हजार, पुस्तकं साडेसहा हजार, गणवेश साडेचार हजार. शाळेची बस तिकडे जात नाही, म्हणून व्हॅनवाल्या काकांचे १,२०० तुम्ही लिहिलेत. ते दहा महिने धरले तर १२ हजार. बेरीज १,०१,०००.

तर तीस हजारांनी स्वस्त वाटणारी शाळा वर्षाला ७,९०० रुपयांनी महाग निघाली. पण एवढ्यावर यजमानांना ‘बघा, मी म्हणत होते’ म्हणू नका, कारण हिशेब अजून अर्धाच झालाय.

दोन्ही पानांवरून बस आणि व्हॅन पुसून बघा. लांबची शाळा ८२,५०० वर येते, जवळची ८९ हजारांवर. शाळा म्हणून पाहिलं तर लांबचीच साडेसहा हजारांनी स्वस्त आहे. ती महाग होते अकरा किलोमीटरच्या रस्त्यामुळे. हे वेगळं काढून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण फी शाळेच्या हातात असते, पण रस्ता काही अंशी तुमच्या हातात असतो. यजमानांची कंपनी त्याच बाजूला असेल आणि सकाळच्या पाळीला ते तिला सोडू शकत असतील, तर एकेरी बस मिळते का, तिचे दर काय, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी एकेरीला अर्धे नाही, पाऊण पैसे घेतात. पाळी दर महिन्याला बदलत असेल तर मात्र हा विचार सोडून द्या. बसची जागा महिन्याआड धरता-सोडता येत नाही.

आणि धाकट्याला विसरू नका. तीन-चार वर्षांनी तोही त्याच शाळेत जाईल, असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. तेव्हा बसची दोन सीटं म्हणजे आजच्याच दराने ५२,८०० रुपये. काही शाळा दुसऱ्या भावंडाला फीमध्ये सवलत देतात, पण बस बहुधा कंत्राटदाराची असते आणि तो सवलत देत नाही. उलट दोन किलोमीटरच्या शाळेत तुम्ही स्वतः स्कूटरवर सोडलंत, तर दुसऱ्या मुलाच्या जाण्यायेण्याचा जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य.

आता एकदाच जाणाऱ्या पैशांचा कप्पा. जवळच्या शाळेचं प्रवेश शुल्क दहा हजारांनी जास्त आहे आणि दरवर्षी तिथे ७,९०० वाचतात. म्हणजे हे दहा हजार दुसऱ्या वर्षात भरून निघतात. पहिली ते चौथी ही चार वर्षं धरली, तर लांबच्या शाळेला ४,५०,६०० आणि जवळच्या शाळेला ४,२९,००० लागतील. (फी वाढणार नाही असं धरून. ती वाढतेच, त्यावर येतेच मी.) फरक २१,६००. पण समजा, यजमानांची बदली होण्यासारखी आहे आणि वर्षभरात नाशिक सोडायची शक्यता आहे, तर जवळची शाळा महाग पडेल. ‘कोणती स्वस्त’ याचं उत्तर तुम्ही तिथे किती वर्षं राहणार यावर बदलतं, आणि हे शाळेचा कोणताही तक्ता तुम्हाला सांगणार नाही.

अनामत मी बेरजेत धरली नाही, ती परत मिळते म्हणून. पण परत मिळते म्हणजे आपोआप हातात येत नाही. बहुतेक ठिकाणी मूळ पावती लागते, शाळा सोडण्याआधी ठरावीक मुदतीत अर्ज लागतो, व्याज मिळत नाही. आमच्या खिडकीवर दरवर्षी पाच-सात जण पावती हरवली म्हणून हात हलवत जायचे. पावतीचा फोटो काढून ठेवा आणि मूळ पावती मुलीच्या जन्मदाखल्याच्या फायलीत लावा.

आता तुमच्या मामेभावाचे १५ टक्के. ते त्यांनी हवेतून आणलेले नाहीत, फक्त ते दिल्लीचे आहेत. दिल्लीतल्या विनाअनुदानित शाळांच्या फीबद्दल दुग्गल समिती नेमली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मॉडर्न स्कूल खटल्यात विकास शुल्क शिक्षण शुल्काच्या १५ टक्क्यांपर्यंत घ्यायला परवानगी दिली. तिथून तो आकडा देशभर फिरला आणि प्रत्येक राज्यात कायदा म्हणून सांगितला जाऊ लागला. तुमच्या ४८ हजारांवर नऊ हजार म्हणजे पावणेएकोणीस टक्के होतात, म्हणून त्यांना ते खटकलं. पण महाराष्ट्राचा कायदा वेगळा आहे: महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. इथे कुठल्या मथळ्याखाली किती टक्के, यापेक्षा हे शुल्क रीतसर मंजूर झालंय का, हा प्रश्न आहे.

मंजुरी कशी होते? प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्यातून कार्यकारी समिती तयार होते. तिच्यात पालकांचे प्रतिनिधी असतात. व्यवस्थापन फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवतं आणि समितीने मंजूर केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. शाळा राज्य मंडळाची असो की सीबीएसईची, महाराष्ट्रात असेल तर हा कायदा तिला लागू आहे. मंजूर झालेल्या शुल्काचा तपशील शाळेच्या फलकावर लावायचा असतो. तेव्हा मामेभावाला सांगा, भांडायला जाण्याआधी तो फलक वाचून ये. नऊ हजार विकास शुल्क त्या तपशिलात असेल तर ते बेकायदा म्हणता येणार नाही. तक्त्यात आहे आणि मंजूर तपशिलात नाही, असं निघालं तर मात्र लेखी विचारण्यासारखी गोष्ट आहे. आणि पावतीच मिळत नाही असं काही कुणी मागितलं, ‘इमारत निधी’ म्हणा किंवा ‘स्वेच्छा देणगी’ म्हणा, तर शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी देणगी घ्यायला बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे.

एक अडचण मोकळेपणाने सांगते. २०१८च्या दुरुस्तीनंतर फीच्या तक्रारीसाठी एकटा पालक पुरत नाही, पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. नव्याने आलेल्या आईने हे जमवणं कठीणच. म्हणून जे विचारायचं ते प्रवेश घेण्याआधी विचारावं. तोपर्यंत तुम्ही गिऱ्हाईक असता, नंतर ‘तुमची मुलगी आमच्याकडे आहे ना’ असा सूर लागतो.

फी वाढण्याचं म्हणत होते ते या दोन वर्षांवरूनच. दोन वर्षांचं बंधन मंजूर शुल्काला आहे. दुकानातल्या गणवेशाला, पुस्तकांच्या संचाला, व्हॅनवाल्या काकांना ते नाही. बसचं भाडं डिझेल वाढलं की वाढतं. राज्याच्या २०११च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं आहे आणि बसचं शुल्क, थांबे हे विषय तिच्यापुढे यायला हवेत. समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे शाळेत विचारून कळणार नाही, जुन्या पालकांना विचारा. तुमच्या दोन पानांत बंधनाबाहेरचा भाग किती ते बघा. लांबच्या शाळेत बस, गणवेश, पुस्तकं मिळून ३७,९००, जवळच्या शाळेत २३ हजार. लांबच्या शाळेचा मोठा तुकडा दरवर्षी हलू शकतो. माझ्या दृष्टीने ७,९०० च्या फरकापेक्षा हे जास्त वजनदार आहे.

गणवेशाबद्दल थोडं. सहा हजार आणि साडेचार हजार हे आकडे तुम्हाला शाळेने दिलेत, पण त्यात काय काय आहे ते विचारा. आठवड्यात किती दिवस कोणता गणवेश, हाउसचा टी-शर्ट वेगळा आहे का, बूट काळे आणि पांढरे दोन्ही लागतात का, स्वेटर की ब्लेझर. पहिलीतली मुलगी वर्षात एक माप ओलांडते, तेव्हा हा खर्च दरवर्षी येणार असंच धरा. शाळेने विशिष्ट दुकानातूनच घ्या अशी सक्ती करू नये, असे सरकारचे आदेश आहेत. तरी प्रत्यक्षात एकाच दुकानात ते कापड मिळतं, हे आपण दोघी जाणतो. म्हणून एक सोपा उपाय: त्या दुकानात जाऊन पहिलीच्या मापाचे भाव स्वतः विचारा. आणि गणवेश शेवटचा कधी बदलला तेही विचारा. नुकताच बदलला असेल तर पुढच्या वर्गातल्या मुलींचे जुने कपडे मिळणार नाहीत. नसेल बदलला तर अर्धा खर्च वाचू शकतो. माझ्या दोन्ही भाच्या एकाच पिनाफोरमध्ये वाढल्या आणि कुणाला कळलंही नाही.

आता तुमचा विश्वासाचा प्रश्न. इथे मी तुमच्याशी थोडी असहमत आहे. तुकडे पाडणारी शाळा लबाड आणि एकच आकडा सांगणारी सरळ, असं नसतं. तुकडे दिसतात तेव्हा निदान प्रश्न विचारता येतो. सहा हजार उपक्रम शुल्क कशाचं, कराटे नको असेल तर कमी होतं का, सहल आणि स्नेहसंमेलनाचा ड्रेस त्यातच का? ‘सगळं धरून’ म्हटलं की हे प्रश्न बंद होतात. मुलगी पोहायला जाणार नसेल तरी तलावाचे पैसे त्या ७८ हजारांत असतात. शिवाय ‘सगळं धरून’मध्ये तुमच्या तक्त्यानुसारच पुस्तकं आणि गणवेश धरलेले नाहीत, तेव्हा सरळपणाचं कौतुकही जपूनच. खरा फरक कळतो तो पावतीवर. दोन्ही शाळांना विचारा, पावती किती निघतात आणि कुणाच्या नावाने. फी शाळेच्या नावाने, उपक्रम एखाद्या कंपनीच्या नावाने, बस तिसऱ्याच्या नावाने, असं असेल तर त्या दुसऱ्या-तिसऱ्या पैशांबद्दल शाळा उद्या ‘तो आमचा विषय नाही’ म्हणू शकते.

पावतीचा आणखी एक उपयोग, यजमान जुन्या करप्रणालीत विवरण भरत असतील तर. ८०-सीमध्ये दोन मुलांपर्यंतचं शिक्षण शुल्क दाखवता येतं, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. विकास शुल्क, देणगी आणि बस त्यात चालत नाहीत. लांबच्या शाळेचे ४८ हजार पावतीवर स्वच्छ दिसतील. जवळच्या शाळेने ७८ हजारांची एकच ओळ दिली तर शिक्षण शुल्क किती हे दाखवणार कसं? त्यांच्याकडून फोड करून घ्या. नव्या करप्रणालीत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? हिशेब जवळच्या शाळेकडे झुकतोय, धाकट्यामुळे आणखीच. पण मी १० जानेवारीपर्यंत दोन गोष्टी केल्याशिवाय पैसे भरले नसते. पहिली, लांबच्या शाळेच्या बसचा मार्ग आणि वेळ. तुमच्या थांब्यावर ती किती वाजता येते आणि मुलगी शाळेत किती वाजता उतरते? अकरा किलोमीटर म्हणजे थेट गेलं तर पंचवीस मिनिटं, पण बस थेट जात नाही. पहिल्या थांब्यांपैकी तुमचा असेल तर सहा वर्षांची मुलगी रोज दोन तास बसमध्ये काढेल. बस मध्येच, ऑक्टोबरात सोडावीशी वाटली, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देतात की वर्षाचे भरावेच लागतात, हेही त्याच वेळी विचारा. प्रवेश रद्द केला तर प्रवेश शुल्कातलं काय परत मिळतं, तेही. उत्तर तोंडी नको, नियमावलीतलं पान दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. दोन्ही शाळांतली एकेक ओळखीची आई शोधा, जिचं मूल या वर्षी पहिलीत आहे. पाचवीतलं किंवा सिनियर केजीतलं नको, पहिलीतलंच. तक्ता डिसेंबरात छापतात, पण पैसे जानेवारीत, मे महिन्यात, जूनमध्ये, दिवाळीनंतर असे वेगवेगळ्या वेळी जातात आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तिलाही आठवणार नाही. तिला चहाला बोलवा आणि गेल्या जूनपासूनच्या सगळ्या पावत्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘कृपया १५० रुपये पाठवा’सकट, घेऊन यायला सांगा.